उरलेल्या खडीचा ढीग

त्याला सगळे ओळंबा म्हणत. खरं नाव घरातल्या कागदांवर होतं आणि तिथंच पडून होतं. उभी हयात त्याने भिंती बांधल्या. जिथं जाईल तिथं कमरेला पितळी ओळंबा लटकलेला. दोरी सोडायची, एक डोळा मिटायचा, लोलक हलायचा थांबेपर्यंत श्वास धरायचा आणि मग म्हणायचं, "बसला." भिंत बसली म्हणजे जग बसलं, असा त्याचा हिशेब. बायको म्हणायची, लग्नात अंतरपाट धरला तेव्हा हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, अंतरपाट वाकडा आहे का ते बघत होता.

स्वभाव चौकस. चौकस म्हणजे किती, तर नळाला पाणी आलं की तो बादली लावायचा सोडून नळाच्या पोटात हवा का गुरगुरते ते ऐकत उभा राहायचा. बादली बायको लावायची. "तुम्हाला उत्तर मिळेपर्यंत पाणी जाईल," असं ती रोज सांगायची आणि पाणी रोज जायचं.

साठीला टेकल्यावर गुडघ्यांनी दगा दिला. बांधकामाची परांची चढायची म्हटलं की डावा गुडघा आधी करकरायचा आणि उजवा त्याला साथ द्यायचा. उंचावरची कामं बंद झाली. घरात बसून तो भिंतींच्या चिरा मोजू लागला, दाराच्या चौकटीला ओळंबा लावू लागला. शेवटी बायकोनेच आपल्या धाकट्या भावाला सांगावा धाडला. भाऊ कालव्याच्या कामावर मुकादम होता. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, मन मात्र मऊ. तो आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "दाजी, आमच्याकडे चला. तिथं चढायला काही नाही. उतारच उतार आहे."

"उतारावर माझं काय काम? मी उभ्याचा माणूस."

"काम मी बघतो. तुम्ही या फक्त. साहेबलोकांना मी शब्द दिलाय, माझ्या दाजींचा हात म्हणजे हात आहे म्हणून."

असा ओळंबा बायकोला घेऊन कालव्यावर आला.

कालवा कोरडा होता. पाणी बंद करून काठांची दुरुस्ती चालली होती. शंभर मीटरचा एक पट्टा असा होता, की दरवर्षी पाणी उतरलं की काठ थोडा थोडा खाली बसायचा. तिथं आता दगडी पिचिंग करायचं ठरलं होतं. म्हणजे मातीच्या उतारावर दगडांचं अंथरूण. पण दगड सरळ मातीवर ठेवत नाहीत. मध्ये बारीक खडी आणि वाळू मिसळून एक थर घालतात, त्याला सगळे गादी म्हणत. आधी माती, तिच्यावर पंधरा सेंटीमीटर गादी, गादीवर तीस सेंटीमीटर दगड. खाली तळाशी टाचेची भिंत, म्हणजे दगडांना पाय टेकायला जागा.

ओळंब्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "गादी कशाला? दगडाला मऊ लागावं म्हणून?"

काम बघायला एक ओव्हरसिअर बाई होत्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, बुटांना कायम चिखल. प्रश्नाला त्या हसल्या नाहीत. त्यांनी कालव्याच्या तळातली ओली माती मुठीत घेतली.

"कालवा भरला की काठात पाणी मुरतं. कालवा उतरला की ते मुरलेलं पाणी परत बाहेर यायला बघतं. दगडांत फटी असतात. मध्ये काही नसेल तर पाणी येताना माती घेऊन येतं. गादी पाण्याला वाट देते आणि मातीला अडवते."

"म्हणजे गाळणी."

"गाळणीच. पातळ झाली की गाळत नाही. मग आतून माती जाते, वर दगड दिसतात ठणठणीत, आणि एक दिवस काठ पोकळ होऊन खाली येतो."

ओळंब्याला हे फार आवडलं. भिंतीच्या आत काय चाललंय हे आयुष्यभर त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. भिंत उभी राहिली की लोक रंग द्यायला बोलवायचे.

गादीची जाडी राखायचं काम त्याच्याकडे आलं. आता पंधराचा थर शंभर मीटर सारखा राखायचा तर काहीतरी खूण हवी. ओळंब्याने लाकडी खुंट्या तासल्या, प्रत्येकीवर पंधरावर खाच पाडली आणि उतारावर रांगेने ठोकल्या. प्रत्येक खुंटीला ओळंबा लावला. एक खुंटी केसभर कलली तर उपटून पुन्हा ठोकली. खाचांमधून दोऱ्या ताणल्या. दोरीपर्यंत खडी भरायची, धुमसाने ठोकायची, पुन्हा दोरीपर्यंत भरायची. मुकादम कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बघा," तो ओव्हरसिअर बाईंना म्हणाला, "सैन्य उभं केलंय दाजींनी." बाईंनीही खुंट्यांकडे मान डोलावली. उतारावर एकही खुंटी वाकडी नव्हती. काठ तिरका आणि खुंट्या ताठ.

गादी पुढे सरकत गेली तसं मागून दगड बसवणारी टोळी आली. टोळीची प्रमुख एक बाई होती, तिला सगळे थोरली म्हणत. हात रुंद, बोटं चपटी, बोलणं तिखट. तिच्या हाताखाली दीर, जावा, भाचे सगळे, आणि सगळे तिला वचकून. दगड टाचेच्या भिंतीपासून वर वर लावत जायचे, लांब बाजू काठात खुपसून, एकमेकांना घट्ट भिडवून, आणि राहिलेल्या फटींत कपच्या ठोकायच्या. थोरली दगड हातात घेऊन त्याला असा फिरवायची, की ओळंब्याला वाटायचं, ती त्याचं तोंड शोधतेय.

पण तिचे दगड त्याला खुपत. ते ताठ उभे नव्हते. सगळे काठाकडे पाठ टेकून रेललेले, जशी दुपारी माणसं भिंतीला टेकून बसतात.

"हे आडवे पडलेत," तो म्हणाला.

"पडलेले नाहीत, टेकलेत," थोरली म्हणाली. "मिस्त्री, तुमची भिंत जमिनीवर उभी असते. माझी काठावर उभी आहे. तिला काठाच्या हिशेबानं सरळ राहावं लागतं."

"काठाच्या हिशेबानं सरळ म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या दोरीला विचारू नका. ती इथली नाही."

तिचे दीर हसले. ओळंब्याला राग आला नाही. एखादी गोष्ट कळली नाही, की त्याला राग यायचा नाही, आधी कुतूहल यायचं.

पट्ट्याची गादी संपली तेव्हा खालच्या एक तृतीयांश उतारावर दगड बसून झाले होते. आणि रस्त्याच्या कडेला खडीचा एक ढीग उरला.

मुकादम खूश. "दाजी, तुमच्या हाताला बरकत आहे. पाच खेपा वाचल्या."

ओळंबा ढिगाभोवती फिरला. एकदा फिरला, मग उलटा फिरला. बांधकामात खडी कमी पडते हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. कुणीतरी सांडतं, कुणीतरी नेतं, पाऊस नेतो, कोंबड्या उकरतात. उरलेली त्याने कधी पाहिली नव्हती, आणि एवढी तर नाहीच. चार घनमीटरचा टिप्पर, अशा तीस खेपा आल्या होत्या. त्यातल्या पाच इथं पसरल्या होत्या.

"बाई," तो ओव्हरसिअर बाईंकडे गेला, "ही खडी मागवली कुणी?"

"मीच."

"कशी?"

बाई उकिडव्या बसल्या आणि कपचीने धुळीत रेघ मारली. "काठाची उभी उंची चार मीटर. एक मीटर उंचीला दीड मीटर पसारा, म्हणजे पायाचा पसारा सहा. आता उतारावरून चालत आलं तर किती? चारचा वर्ग सोळा, सहाचा छत्तीस, बेरीज बावन्न. त्याचं वर्गमूळ सात मीटर वीस सेंटीमीटर आणि किंचित वर. ही उताराची लांबी. पट्टा शंभर मीटर. झाले सातशे वीस चौरस मीटर. त्याला पंधरा सेंटीमीटरने गुणलं की एकशे आठ घनमीटर. ठोकल्यावर खडी बसते, म्हणून बारा वरचे. एकशे वीस. तीस खेपा."

"आणि उतार खरंच सात वीस आहे?"

"चला."

दोघांनी टेप धरला. ओळंबा वर, बाई खाली. गुडघे करकरले. सात वीस. दुसऱ्या टोकाला धरला, मध्ये धरला. सात वीस, सात एकवीस, सात वीस.

"टिप्पर अर्धे भरून... नाही, जास्त भरून आले असतील," मुकादम म्हणाला. त्याला या विषयाचा कंटाळा यायला लागला होता.

"प्रत्येक टिप्पर मी फळी फिरवून सपाट करून घेतलाय," बाई म्हणाल्या.

"मग जाडी कमी पडली असेल," ओळंबा म्हणाला आणि त्याने फावडं उचललं. कारण जाडी त्याची होती.

वरच्या भागात गादी अजून उघडी होती. त्याने तिथं खड्डा केला, खाली मातीपर्यंत गेला आणि काठी धरली. ओळंबा लावून, ताठ. पंधरा. दहा पावलं सरकून दुसरा खड्डा. पंधरा. बाईंनीही वाकून पाहिलं. पंधराच.

आता बघा कशी गंमत झाली. उतार बरोबर, लांबी बरोबर, जाडी बरोबर, आणि तरी खडी उरलेली. जेवढी भरायला हवी तेवढी जागा भरली आणि खडी मात्र कमी लागली. जणू काठाने अर्धपोटी राहून पोट भरल्याची ढेकर दिली होती.

"काठानं दानधर्म केला असेल," थोरलीचा दीर म्हणाला.

थोरली हसली नाही. तिचं स्वतःचं एक दुखणं होतं. "बाई, एक सांगते. माझे दगड टाचेच्या भिंतीच्या कडेशी यायला हवेत, ते दीड बोट आत राहतायत. दगड सगळे मापाचे निवडून घेतलेत. मला वाटलं गादी बसली."

"खाली कपच्या सार," मुकादम म्हणाला.

"दगडाखाली कपच्या सारल्या की दगड डुलतो. कपच्या फटीत वरनं ठोकायच्या असतात. तुम्हाला खाटेखाली वीट सरकवायची सवय आहे, मुकादम, इथं नाही चालत."

मुकादमाने दाजींना बाजूला घेतलं. "ऐका माझं. महिनाअखेर पाणी सोडायचंय. परवा मोठे साहेब बघायला येतील. हा ढीग दिसला की दहा प्रश्न. मी तो कामाच्या कच्च्या रस्त्यावर पसरवून टाकतो. रस्ता बी चांगला होईल, प्रश्न बी मिटेल."

"पण का उरली ते?"

"उरली. देव देतो कधी कधी."

"आणि गादी पातळ असली तर?"

"तुम्हीच मोजली ना? पंधरा ना? मग झालं. दाजी, मी तुमच्यासाठी शब्द दिलाय. आता तुम्हीच काही खोट काढलीत, तर खालचे सगळे दगड उपसावे लागतील. थोरलीची टोळी मला फाडून खाईल आणि साहेब म्हणतील, हा कुठला मिस्त्री आणलास. पुढच्या पट्ट्यावर तुम्हाला कोण घेणार? मला कोण विचारणार?"

मेहुणा खोटं बोलत नव्हता. पुढे चार पट्टे बाकी होते आणि ओळंब्याला हे काम आवडायला लागलं होतं. घरी बसून चौकटी तपासायला परत जायची त्याची तयारी नव्हती. त्याहून एक जास्त खोल गोष्ट होती. त्याच्या हातची भिंत पाडावी लागली, असं कधीही झालं नव्हतं. शेजारची पडली, समोरची पडली, त्याची नाही.

संध्याकाळी तो घरी गेला. मुकादमाच्या घराला लागून एक खोली, एक ओटा, खिडकीत दोरीवर मुकादमाच्या पोरांचे कपडे. बायको ओट्याशी उभी राहून गाजर चिरत होती. तो स्टुलावर बसला, पाय लांब केले.

"काय झालं? तोंड का पडलंय?"

"खडी उरली."

"मग चांगलंच की."

"तुझा भाऊ पण तेच म्हणाला."

"आमच्या घरची माणसं समाधानी आहेत," ती म्हणाली आणि चिरत राहिली. ती गाजर तिरकं चिरायची, सुरी कलती धरून. लांबट चकत्या पडत होत्या.

तो बघत होता. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तिरकं का चिरतेस?"

"तव्यावर मोठी चकती बरी परतता येते. सरळ चिरली तर एवढीशी होते."

"पण गाजर तेवढंच."

"गाजर तेवढंच. मी काय गाजर मोठं करू?"

तो उठला. एक तिरकी चकती घेतली, अंगठ्याच्या पेरावर तिची लांबी धरली. मग तिच्या हातून सुरी घेऊन एक सरळ चकती कापली आणि ती मोजली. सरळ चकती गाजराची खरी जाडी सांगत होती. तिरकी जास्त सांगत होती. गाजर एकच.

"जेवायला बसणार आहात की मोजायला?"

त्याने गाजर ओट्यावर कलतं टेकवलं, काठासारखं, आणि सुरी ताठ उभी धरून वरून खाली आणली. अगदी ओळंब्यात. सुरी उभी होती, पण गाजराला ती तिरकीच कापून गेली.

तो पुन्हा स्टुलावर बसला. बायकोने गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे पाहिलं. "काय हो?"

"माझी खुंटी उभी होती," तो म्हणाला. "म्हणूनच चुकली."

"हे तुम्ही मला पहिल्यांदा म्हणताय."

"काय?"

"चुकलं म्हणून."

सकाळी तो सगळ्यांच्या आधी कालव्यावर पोचला. झोळीतून गुण्या काढला, लोखंडी काटकोन, भिंतीच्या कोपऱ्यासाठी वापरायचा तो. कालच्या खड्ड्यात खाली मातीवर गुण्याचा एक हात उताराबरोबर टेकवला आणि दुसऱ्या हाताला लावून काठी धरली. काठी आता रेलली होती, थोरलीच्या दगडांसारखी. मोजली. साडेबारा.

दुसऱ्या खड्ड्यात साडेबारा. तिसरा नवा खड्डा केला, साडेबारा.

मनात एक क्षण असा आला, की काठी झोळीत टाकावी आणि गप्प बसावं. खड्डे बुजवायला किती वेळ लागतो? मेहुणा रस्ता करून टाकेल, थोरली दीड बोटाला कंटाळून गप्प बसेल, आणि दगड वरून सुरेख दिसतील. पण लगेच त्याच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. एवढ्या पातळ गाळणीतून पाणी किती माती नेईल? आणि हा प्रश्न एकदा आला म्हणजे तो पाणी सोडल्यावर रोज येऊन या काठाकडे बघत बसणार, हे त्याला स्वतःबद्दल माहीत होतं. तो तिथंच बाईंची वाट बघत बसला.

बाई आल्या. त्याने काही बोलायच्या आधी गुण्या आणि काठी दाखवली. त्या वाकल्या, पाहिलं, मग ताठ झाल्या आणि दोन्ही हात शिरस्त्राणावर ठेवले.

"मी पण काल उभीच काठी बघितली," त्या म्हणाल्या. "तुमच्या खुंट्या इतक्या सरळ होत्या, की मला छान वाटलं."

"हिशेबात बसतं का बघा."

त्या धुळीत बसल्या. "उभी जाडी धरली की उताराच्या लांबीने गुणायचंच नाही. मग पायाच्या पसाऱ्याने गुणावं लागतं. सहा गुणिले शंभर, सहाशे. गुणिले पंधरा सेंटीमीटर, नव्वद. एकशे आठच्या जागी नव्वद. बसायची वाढ धरली की शंभर. पंचवीस खेपा." त्यांनी मान वर केली. दोघांनीही ढिगाकडे पाहिलं. तीसमधून पंचवीस गेल्या की पाच.

"सहातला एक भाग," ओळंबा म्हणाला. "काठ जितका उभा, तितकी चूक मोठी?"

"हो. सपाट जमिनीवर काहीच चूक नाही. काठ उभा होत गेला की वाढत जाते."

"आणि अगदी भिंतीसारखा उभा झाला तर?"

बाईंनी कपची धुळीत उभी धरली. "तर उभी काठी थराला कधी छेदणारच नाही. थराच्या आतून सरळ खाली जाईल."

"अरे," तो म्हणाला आणि हसला. चूक त्याची होती, तरी त्याला हसू आलं. किती वर्षं भिंतीला ओळंबा लावला आणि तिची जाडी मात्र कधी ओळंब्याने मोजली नाही, आडवी मोजली, हे त्याला आत्ता कळत होतं. भिंतीची जाडी भिंतीला काटकोनात. काठाची काठाला काटकोनात. इथंही तेच करायचं होतं, फक्त इथं काठ कलला आणि तो कलला नाही.

मुकादम आला तेव्हा सगळं ठरलं होतं. उघड्या भागावर अडीच सेंटीमीटर खडी वाढवून पुन्हा ठोकायची, आणि खालचे बसवलेले दगड काढून तिथंही.

"दाजी," मुकादमाचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "आता मी तोंड कुठं दाखवू?"

"तुझं तोंड जागेवर आहे. काठ जागेवर नव्हता."

"साहेबांना काय सांगू?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "माप मी पास केलं होतं. पाणी सोडायला अजून वेळ आहे. आज सुरू केलं तर जमतं."

मुकादम खडीच्या ढिगावर बसला. रस्ता करायचा तो ढीग. त्याने खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "ताईला मी काय सांगू? तिनंच मला बोलावलं होतं."

"तिनंच शोधून दिलं," ओळंबा म्हणाला. "गाजर चिरताना."

मेहुण्याला काही समजलं नाही, पण बहिणीचं नाव आल्यावर तो मऊ पडला.

राहिली थोरली. तिला सांगायला ओळंबा स्वतः गेला. ती टाचेच्या भिंतीवर बसून पाणी पीत होती. त्याने आडपडदा ठेवला नाही. दगड काढावे लागतील, चूक माझी, उपसायला मी तुमच्याबरोबर.

थोरलीने बाटलीचं झाकण लावलं. "दीड बोट," ती म्हणाली.

"हो, तेच दीड बोट."

"मी सांगत होते तर सगळे म्हणत होते, गादी बसली. गादी बसली असती तर एका जागी बसली असती, सगळीकडे सारखी कशी बसेल?" तिने दिराकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघायला लागला. मग ती ओळंब्याकडे वळली. "मिस्त्री, उपसणं सोपं नाही. वरची ओळ काढल्याशिवाय खालची सुटत नाही. आणि ज्या क्रमानं काढाल त्याच क्रमानं काठावर मांडून ठेवायची, नाहीतर जोडीचे दगड हरवतात. गुडघे आहेत का?"

"आहेत. वाजतात."

"वाजू द्या. कामाला वाजंत्री."

आणि मग कालव्यात आठवडाभर उलटं काम चाललं. दगड निघाले, काठावर ओळीने मांडले गेले. प्रत्येक ओळीपुढे ओळंब्याने खडूने खूण केली. त्याने नव्या खुंट्या ठोकल्या, या वेळी गुण्या लावून, उताराला काटकोनात. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं वारा लागून सगळ्या कलल्यात. पहिल्या रांगेला त्याचा हात आपोआप खुंटी ताठ करायला जात होता. थोरली येता जाता त्याच्या हातावर चापट मारायची. "काठाला विचारा, काठाला."

मोठे साहेब आले तेव्हा अर्धा काठ उघडा होता. बाईंनी सांगितलं, ओळंब्याने खड्डा करून दोन्ही काठ्या धरून दाखवल्या, उभी आणि काटकोनातली. साहेबांनी दोन्ही पाहिल्या, तिसऱ्या खड्ड्यात स्वतः धरून पाहिलं, आणि विचारलं की पुढच्या पट्ट्यांवर खुंट्या कोण ठोकणार. मुकादमाने बाईंकडे पाहिलं. "हेच," बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, मग ठीक, आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्याकडे पाहण्यासारखे दुसरे कालवे होते.

थोरलीने ओळंब्याला दगड बसवायला शिकवलं. त्याचा पहिला दगड तिने काढून फेकला, दुसरा पण फेकला. तिसऱ्यावर पाय देऊन तीनदा उडी मारली, तो हलला नाही, तेव्हा "राहू द्या" म्हणाली. ती तेवढंच बोलायची. तळाच्या ओळीतले दगड या वेळी टाचेच्या भिंतीच्या कडेला येऊन भिडले. तिने तळहात फिरवून पाहिला, भिंतीवरून दगडावर आणि दगडावरून भिंतीवर. बोट कुठं अडलं नाही.

पाणी सुटलं. कालवा भरला, काही दिवस भरलेला राहिला, आणि मग पुढच्या गावांची पाळी संपल्यावर झपाट्याने उतरायला लागला. हीच खरी परीक्षेची वेळ, हे ओळंब्याला बाईंनी सांगून ठेवलं होतं. तो सकाळी काठावर जाऊन बसला. मुकादमही आला, म्हणाला सहज आलो. सहज आलेल्या माणसाने डबा आणला नसता.

पाणी खाली खाली जात राहिलं आणि ओले दगड उघडे पडत गेले. मग त्यांच्या फटींतून बारीक धारा यायला लागल्या. काठात मुरलेलं पाणी परत निघालं होतं. ओळंबा गुडघे धरत खाली उतरला, एका धारेखाली ओंजळ लावली आणि वर येऊन उजेडात धरली.

मुकादमाने मान पुढे केली. "माती?"

"बघ ना तूच."

पाणी नितळ होतं. ओंजळीच्या तळाला त्याच्या हाताच्या रेषा दिसत होत्या. मुकादमाने बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, कणही लागला नाही. त्याने डबा उघडला आणि आधी दाजींच्या पुढे धरला.

ओळंब्याने ओंजळ सोडली, हात धोतराला पुसले आणि कालवा पुढे जिथं वळत होता तिकडे बघितलं. तिथं पुढचा पट्टा होता.

"काय रे," तो म्हणाला, "वळणावर वरची कड आणि खालची कड सारख्या लांबीच्या नसणार. मग उताराला गुणायचं कुठल्या लांबीनं?"

"दाजी, जेवा," मुकादम म्हणाला. "बाई येतील आत्ता. त्यांना विचारा."